आप्पांच्या तोंडाची चव गेली, जेवण सुटलं, पण रिपोर्ट सुधारतोय. हे कसं?

वैशू_उत्तरेश्वर
आप्पांबद्दल विचारायचं आहे. वय ६४, साखर आणि बीपी जुनं, किडनीची औषधं सहाएक वर्षं चालू आहेत. गेल्या तीन महिन्यांत त्यांचं जेवण जवळजवळ सुटलंय. तोंडात पाच रुपयाचं नाणं धरल्यागत लागतंय म्हणतात. सकाळी ब्रश तोंडात घातला की उमासे सुरू. रविवारी घरात मटण शिजायला लागलं की वासानंच उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसतात. आणि हा माणूस तांबडा-पांढरा असला की भाकरी मोजायचा नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

आम्ही पित्त समजून रिकाम्या पोटीची पित्ताची गोळी चालू ठेवली. काही फरक नाही. पण मला कोडं वेगळंच पडलंय. तीन महिन्यांपूर्वी युरिया १५६ होता, आता ११२ आला. क्रिएटिनिन ५.६ वरून ५.१. उपाशीपोटीची साखर १५० च्या आसपास असायची, ती ८४. घरात सगळे खूश आहेत, काका तर म्हणाले पथ्याचा गुण आला. मग माणूस असा का सुकत चाललाय? वजन ६६ होतं, आता ६१.

रंकाळ्याचा_वारा
ताई, तुमच्याकडं बोअरचं पाणी आहे काय? क्षार जास्त असले की तोंडाला धातूची चव येतीच. आमच्याकडं फिल्टर बसवल्यावर गेली. आणि सकाळी नारळपाणी द्या, मळमळीवर लय भारी.

वैशू_उत्तरेश्वर
दादा, नळाचंच पाणी आहे, आणि आम्ही सगळे तेच पितो. बाकी कुणाला तसं लागत नाही.

बीएस्सी_केमिस्ट्री
पाण्याचा काही संबंध नाही. किडनी अधू झाली की रक्तात युरिया साठतो, तो लाळेतही उतरतो. तोंडातले जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात. तोंडाला येणारा उग्र वास आणि धातूची चव त्याचीच. सकाळी जास्त, कारण झोपेत लाळ कमी सुटते. आता तुमच्या वडिलांचा युरिया उतरायला लागलाय म्हणजे चव आपोआप परत येईल, थोडा धीर धरा. सोबत झिंकची गोळी द्या, झिंक कमी झालं की चव जाते. आणि किडनीवाल्यांना प्रोटीन कमीच सांगतात, त्यामुळं ते कमी खातायत त्यात वाईट काही नाही.

आहारवाली_ताई
मी किडनीच्या पेशंटांचा आहार बघते, बरीच वर्षं. डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा.

केमिस्ट्रीवाल्यांनी लाळेचं सांगितलं ते बरोबर आहे. पुढचं मात्र उलटं आहे. युरिया येतो कशातून? आपण जे प्रोटीन खातो त्यातून. माणूस खायचाच थांबला की युरिया तयारच कमी होतो. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. स्नायू झिजले की तेही उतरतं. किडनी आहे तिथंच आहे. क्रिएटिनिनवरून किडनीच्या कामाचा जो आकडा काढतात, तो आप्पांचा आधी ११ च्या आसपास असणार आणि आता १२ दिसणार. ही सुधारणा कागदावरची आहे. साखर ८४ आली तीही मला पथ्याचा गुण वाटत नाही.

वैशू, मला चार गोष्टी सांग. दिवसभरात नेमकं काय पोटात जातं, पायावर सूज आहे का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, आणि रात्री-पहाटे घाम येतो का.

वैशू_उत्तरेश्वर
सकाळी अर्धी भाकरी, कपभर चहा, दोन बिस्किटं. दुपारी एक भाकरी कशीबशी, आमटीचं वरचं पाणी. रात्री बहुतेक फक्त चहा. पायावर सूज आहे, दाबलं की खड्डा पडतो.

गोळ्या: बीपीची अॅम्लोडिपीन, लघवीची गोळी, साखरेची ग्लिमेपिराईड, लोहाची गोळी, फॉस्फरससाठी जेवताना घ्यायची एक, आणि एक सोड्याची.

घामाचं आईला विचारलं. ती म्हणते दोन-तीनदा पहाटे बनियन भिजलेलं होतं, हात कापत होते, साखर घालून चहा दिल्यावर सावरले. अशक्तपणा असेल म्हणून ती कुणाला बोलली नाही.

आहारवाली_ताई
बाकी सगळं नंतर. आधी डॉक्टरांना फोन कर, आजच. तो घाम साखर उतरल्याचा आहे. किडनी अधू असली की ग्लिमेपिराईड अंगातून लवकर बाहेर पडत नाही, शरीरातलं इन्सुलिनही जास्त वेळ टिकतं. त्यात जेवण नाही. इतकी वर्षं जी गोळी चालली तीच आता पहाटे दगा देते. आज रात्री झोपताना ग्लुकोमीटरवर बघ, आणि ग्लुकोजची पूड आईच्या उशाशी ठेव. घाम आला की चहा होईपर्यंत थांबायचं नाही.

वैशू_उत्तरेश्वर
फोन केला. ग्लिमेपिराईड आजपासून बंद, आठवडाभर चार वेळा साखर तपासून लिहून ठेवायची, शुक्रवारी घेऊन या म्हणाले. मशीनवर आत्ता ७१ आली होती, ग्लुकोज दिलं, अर्ध्या तासानं १०८.

सोमवार_गुरुवार
मी आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर असतो, नावावरून कळलंच असेल. पाण्याचं विचारताय तर आमचं दिवसाला लिटरभरच, तोंड सुकलं की बर्फाचा खडा चघळायचा.

वैशू_उत्तरेश्वर
दादा, पाण्याचं नाही, चवीचं विचारत होते 🙂

सोमवार_गुरुवार
व्हय काय, वरचं नीट वाचलं न्हाई. चवीचं तर मी सांगतोच. मला पहिल्यांदा मटणच नको झालं. मग अंडं, मग दूध. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला रोज जाणारा माणूस मी, तिथनं जाताना नाक दाबायचो. घरच्यांना वाटायचं नाटकं करतोय. बायको रोज नवीन काहीतरी करायची आणि मी ताट सरकवायचो. ती रडायची, मी चिडायचो. डायलिसिस सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्यानं एक दिवस भडंग खाल्ला आणि लसणाची चव लागली. अजून सगळं जागेवर नाही. गोड मला आजही फिकं लागतं, आणि मशीनवरनं उतरल्यावर त्या दिवशी काही खावंसं वाटत नाही.

तुमच्या आप्पांना आधी एवढं सांगा की हे तुमच्या मनाचं नाही, आजाराचं आहे.

बीएस्सी_केमिस्ट्री
युरिया-क्रिएटिनिनचा मुद्दा मान्य, असा विचार केला नव्हता. पण प्रोटीन कमी हे तर डॉक्टरच सांगतात ना? आणि झिंकचं काय?

आहारवाली_ताई
कमी म्हणजे किती, हे कुणी विचारत नाही. डायलिसिसच्या आधी किलोमागे साधारण ०.६ ग्रॅम, साखरेच्या पेशंटला थोडं जास्त, ०.८ पर्यंत. आप्पांना ६१ किलोला निदान ३६-३७ ग्रॅम हवं. वैशूनं सांगितलेलं जेवण मोजलं तर जेमतेम पंधरा ग्रॅम भरतं. शिवाय प्रोटीन कमी ठेवायचं ते उष्मांक पुरेसे असतील तरच. ते किलोमागे २५ ते ३५ हवेत, म्हणजे आप्पांना दीड हजाराच्या पुढं. ते निम्म्यावरही नाहीत. अशा वेळी शरीर स्वतःचेच स्नायू जाळायला लागतं, आणि त्यातूनही युरिया तयार होतोच. पथ्य आणि उपासमार यातली रेघ इथं कधीच ओलांडली गेलीय. ६६ वरून ६१ म्हणजे तीन महिन्यांत साडेसात टक्के. पाच टक्क्यांनाच आम्ही दचकतो. आणि पायात पाणी साठलंय, तेव्हा खरं अंग पाच किलोपेक्षा जास्त उतरलंय. काट्यावर विसंबू नका. दंडाचा घेर बघा, बनियनची बाही कशी लोंबते बघा, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का बघा.

झिंक काहींना लागू पडतं, ज्यांच्यात खरंच कमी असतं त्यांना. सगळ्यांना पडत नाही. अभ्यासांतही निकाल दोन्हीकडे आहेत. आणि मनानं महिनोन् महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होऊन रक्त आणखी उतरू शकतं. आप्पांचं हिमोग्लोबिन तसंही कमीच असणार.

वैशू_उत्तरेश्वर
हो, ९.२ आहे. ताई, मग भूक जाते ती फक्त तोंडातल्या अमोनियामुळं?

आहारवाली_ताई
नाही, म्हणूनच नुसतं तोंड धुवून भागत नाही. पोट भरलं हे मेंदूला कळवणारी काही संप्रेरकं एरवी किडनी रक्तातून काढून टाकते. ती साठून राहिली की रिकाम्या पोटीसुद्धा भरल्यासारखं वाटतं. आप्पा दोन घास खाऊन 'बास' म्हणतात ना, तेव्हा त्यांना खरंच तसं वाटत असतं. त्यात जुनी साखर असली की जठराच्या नसा मंदावतात, दुपारचं अन्न संध्याकाळी तसंच पडून असतं आणि मळमळ वाढते. लोहाच्या गोळीनंही तोंड धातूसारखं होतं आणि पोट बिघडतं. बद्धकोष्ठ असेल तर त्याचीही भर पडते.

आणि एक गोष्ट नेहमी सुटते, रक्तातलं आम्ल. रिपोर्टात बायकार्बोनेट बघ. २२ च्या खाली गेलं की भूक मरते आणि स्नायू झिजतात. सोड्याची गोळी त्यासाठीच असते.

वैशू_उत्तरेश्वर
बायकार्बोनेट १६ लिहिलंय.

आणि आत्ता गोळ्यांचा डबा बघितला तर सोड्याच्या गोळ्यांची आख्खी पाकिटं तशीच. आप्पा म्हणाले, 'ती खाल्ली की पोट फुगतं, ढेकर येतात, म्हणून दोन महिने घेतलीच नाही.' डॉक्टरांना सांगितलं का विचारलं, तर म्हणे त्यांनी विचारलंच नाही.

आहारवाली_ताई
हे मी दर आठवड्याला ऐकते. शुक्रवारी डॉक्टरांना हे पहिल्यांदा सांग, नाहीतर ते घेतायत असं समजून डोस वाढवून देतील. फुगतं हे खोटं नाही, सोड्यातून पोटात वायू होतोच. कमी डोसपासून विभागून, जेवणानंतर घेतली तर बहुतेकांना चालते. त्यात सोडियम असल्यानं सूज आणि बीपीकडे लक्ष ठेवावं लागतं, म्हणून किती घ्यायची ते डॉक्टरच ठरवतील. घरात खायचा सोडा आहे म्हणून चमचाभर पाण्यात घालून देऊ नकोस.

रंकाळ्याचा_वारा
नारळपाण्याचं कुणी बोललं नाही. आणि एका वैद्यांकडं भस्म मिळतंय, भूक लागते म्हणतात. पत्ता देऊ का?

आहारवाली_ताई
दादा, काळजीपोटी सांगताय हे कळतंय, पण दोन्ही नको. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, या अवस्थेत ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मिठाऐवजी मिळणारं 'लो सोडियम' मीठही त्याच कारणानं नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. आणि भस्मात काय धातू आहेत हे ज्याला सांगता येत नाही, ते अधू किडनीच्या माणसाला देऊ नये.

रंकाळ्याचा_वारा
माझ्या आज्जीला तर भस्मानं फरक पडला होता. असो, तुमचं तुम्ही बघा.

वैशू_उत्तरेश्वर
शुक्रवारपर्यंत त्यांना खाऊ काय घालू? आणि कसं?

आहारवाली_ताई
गरमागरम वाफाळतं ताट समोर ठेवू नका, मळमळ वासानं सुरू होते. स्वयंपाक चालू असताना त्यांना बाहेरच्या खोलीत बसू दे, आणि जेवण कोमट किंवा गार झाल्यावर द्या. मटणाचा आग्रह सोडा. तांबड्या मांसाची शिसारी या आजारात बऱ्याचदा आधी येते. त्याऐवजी अंड्याचा पांढरा भाग. एकात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि फॉस्फरस अगदी कमी. उकडून गार करून, बारीक चिरून, वर मिरपूड आणि लिंबाचे चार थेंब. आंबटानं लाळ सुटते. भाकरीऐवजी मऊ भातावर तूप चालेल, त्यानं उष्मांक वाढतात. साखर बघून भाताचं प्रमाण ठरवा.

खाण्याआधी चूळ भरायची आणि जीभ खरवडायची. अमोनिया करणारे जंतू जिभेच्या मागच्या भागावर जास्त असतात. सकाळी ब्रशनं उमासे येत असतील तर ब्रश नाश्त्यानंतर, आणि पेस्ट वाटाण्याएवढी. दिवसात ज्या वेळी मळमळ सगळ्यात कमी असेल, तेच मुख्य जेवण. आप्पांचं ते बहुधा दुपारी असेल. रात्रीचं पान वाढून 'खा, खा' म्हणत बसू नका.

सोमवार_गुरुवार
स्टीलचा चमचा बंद करा. मी प्लॅस्टिकच्या चमच्यानं खातो, धातूची चव निम्म्यानं कमी झाली.

बीएस्सी_केमिस्ट्री
चव लाळेतून येते, चमच्यानं काय होणार? मनाचे खेळ आहेत.

सोमवार_गुरुवार
भावा, तोंड माझं आहे.

सांगलीची_मीना
वैशू, मनाला लावून घेऊ नकोस, पण आमच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं आणि आम्ही वाट बघत बसलो. उचक्या लागायच्या, थांबायच्याच नाहीत. मग दिवसभर झोपून राहायला लागले, बोलताना शब्द विसरायचे. अॅडमिट करून रातोरात मानेतनं नळी घालून डायलिसिस करावं लागलं. डायलिसिस लवकर सुरू करून टाका.

आहारवाली_ताई
मीनाताईंनी सांगितलेल्या खुणा लक्षात ठेव. न थांबणाऱ्या उचक्या, गुंगी, हात पुढं धरल्यावर पंजे फडफडणं, आडवं झाल्यावर दम लागणं, छातीत दुखणं, पाणीसुद्धा न ठरणारी उलटी. यातलं काहीही दिसलं तर शुक्रवारची वाट बघायची नाही.

पण 'लवकर सुरू करा' याला मी सरसकट हो म्हणणार नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये यावर मोठी चाचणी झाली, निकाल २०१० मध्ये आला. किडनीचं काम १० ते १४ वर असतानाच ठरवून सुरू केलेले आणि लक्षणांवर नजर ठेवत थांबलेले, दोघांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. मात्र थांबलेल्यांतल्याही बऱ्याच जणांना लक्षणांमुळं ठरलेल्या आकड्याच्या आधीच सुरू करावं लागलं. आकड्यापेक्षा माणूस बघून ठरवतात ते असं. आप्पांच्या बाबतीत साखर, आम्ल आणि गोळ्या या तीन सुधारता येण्याजोग्या गोष्टी आधी सुधारून बघता येतील. त्यानंतरही जेवण येत नसेल आणि अंग उतरतच असेल, तर तेच डायलिसिसचं कारण.

सांगलीची_मीना
तुमचं पुस्तकात बरोबर असेल ताई. आम्ही ती रात्र काढलीय.

वैशू_उत्तरेश्वर
जाऊन आलो. सोड्याची गोळी निम्म्या डोसवर परत सुरू, दहा दिवसांनी बायकार्बोनेट तपासायचं. लोहाची गोळी बंद करून शिरेतून लोह देणार. पित्ताची गोळी थांबवली. मळमळीसाठी जेवणाआधी एक गोळी दिलीय, पण बद्धकोष्ठ होतं का बघायला सांगितलंय. पहाटेचा घाम गेला, उपाशीपोटीची साखर आता १२०-१३०.

खाणं थोडं वाढलंय. दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि वाटीभर मऊ भात जातो. नाण्याची चव मात्र आहे तशीच. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे बघू, पण डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडतात तो फिस्टुला आत्ताच करून घ्या. आप्पा त्याला तयार नाहीत. 'हातात ते केलं म्हणजे डायलिसिस आलंच' म्हणतात.

सोमवार_गुरुवार
आप्पांना म्हणावं, फिस्टुला केला म्हणून उद्या कुणी मशीनवर ओढत नाही. शीर तयार व्हायलाच दीड-दोन महिने जातात. नाही केला आणि वेळ आली, तर मीनाताईंच्या सासऱ्यांसारखी मानेत नळी. ज्या हाताला करणार त्या हातातनं आत्तापासनं रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. उजव्या हातानं लिहीत-जेवत असतील तर बहुतेक डावा. खर्चाची काळजी असेल तर डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसतं, माझं त्यातच चाललंय. ते तयार असतील तर मी येऊन भेटतो, उत्तरेश्वरपासून लांब न्हाई मी.

वैशू_उत्तरेश्वर
दादा, याच. त्यांना आमचं पटत नाही, तुमचं कदाचित ऐकतील.

पन्हाळा_रोड
माझ्या आईलाही तोंडात धातूची चव आणि मळमळ. वय ६८, क्रिएटिनिन २.१. म्हणजे तिच्यातही युरिया साठलाय का? डायलिसिस लागेल?

आहारवाली_ताई
२.१ ला हे सगळं युरियावर ढकलू नका, एवढ्यात सहसा अशी लक्षणं येत नाहीत. आधी गोळ्या बघा. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू आहे का?

पन्हाळा_रोड
हो, दोन वेळा, हजारची.

आहारवाली_ताई
मेटफॉर्मिननं तोंड धातूसारखं होतं, मळमळही होते. आणि ६८ व्या वर्षी क्रिएटिनिन २.१ म्हणजे किडनीचं काम २५ च्या आसपास. ३० च्या खाली ही गोळी बंद करायची असते. ज्यांनी लिहून दिली त्यांना आजचा रिपोर्ट दाखवा, बदली गोळी ते देतील. गोळी बंद झाल्यावरही दोन-तीन आठवड्यांत चव सुधारली नाही तर वेगळं कारण शोधावं लागेल. त्यासाठी इथं नवा धागा काढा, आप्पांच्या धाग्यात दोघांची औषधं मिसळायला नकोत.